भागिले एक हजार ऐंशी

परवा रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात माझं वार्षिक उत्पन्न सदतीस लाख चव्वेचाळीस हजार ठरलं. मला विचारून नव्हे. आमच्या कोषाध्यक्ष काकांच्या कॅल्क्युलेटरवर तो आकडा उमटला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या मुलुंडच्या चारही विंगांत पोचला. सोमवारी लिफ्टमध्ये बी विंगच्या काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. पायात स्लीपर होती. "साधे राहता हो तुम्ही," म्हणाल्या.

झालं एवढंच, की गणपतीच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ करायचं होतं. मी घरी बसून डिझाइनची कामं करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातलं 'घरी बसून' जास्त ठाऊक आहे. काकांनी विचारलं, "तुझा रेट काय रे?" मी म्हणालो, "तासाला तेराशे."

चहाचा ग्लास खाली ठेवून काकांनी खणातून कॅल्क्युलेटर काढला. त्याला रबरबँड लावलेलं असतं, आणि ते काढण्याचाही एक विधी असतो. काका बँकेतून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं कर्जवसुलीत होते. तेराशे गुणिले आठ, गुणिले तीस, गुणिले बारा. मग त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे न वळवता सेक्रेटरींकडे वळवला.

"सदतीस चव्वेचाळीस," काका म्हणाले. "आणि हा मेंटेनन्स पंधरा तारखेनंतर भरतो."

प्लंबर नळाचा वॉशर दहा मिनिटांत बदलून चारशे रुपये नेतो, तेव्हा त्या दहा मिनिटांना कोणी गुणत नाही. रिक्षा एलबीएस रोडवर सिग्नलला नुसती उभी असते तरी मीटर पडत राहतो, आणि आपण खिडकीबाहेर बघत तो पडू देतो. फक्त माझ्यासारख्याचा तास सांगितला, की लोकांना वर्षाचे सगळे दिवस आठवतात, रविवारसकट. मला राग आला. तरीही मी म्हणालो, "काका, गुणाकार राहू दे. आपण भागाकार करू."

"कर," म्हणाले, आणि कर्जाचा अर्ज पुढ्यात आल्यासारखे सरसावून बसले.

आधी वरचा आकडा. घरखर्च, फ्लॅटचा हप्ता आणि प्राप्तिकर मिळून महिन्याला ऐंशी हजार. म्हातारपणासाठी वीस हजार, कारण माझ्या पीएफमध्ये निम्मे पैसे घालणारी कंपनी नाही आणि ग्रॅच्युइटी देणारंही कोणी नाही. वर्षाचे झाले १२,००,०००. त्यावर धंद्याचा खर्च. लॅपटॉप शहाण्णव हजारांचा, चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला चोवीस हजार. सॉफ्टवेअरचं भाडं अठ्ठेचाळीस. आरोग्यविमा तीस, सीएची फी अठरा, शिवाय इंटरनेट, फॉन्ट, वीज, क्लायंटकडे जाणंयेणं आणि महाराष्ट्र सरकारचा अडीच हजारांचा व्यवसाय कर. सगळे मिळून १,८०,०००.

"आणि टीडीएस? कंपन्या दहा टक्के कापतात ना?"

काकांनी नेमकं नवशिक्यांच्या पाय घसरायच्या जागेवर बोट ठेवलं होतं. टीडीएस हा खर्च नाही. तो आपलाच प्राप्तिकर, आगाऊ कापलेला. रिटर्न भरताना हिशेबात येतो, जास्त झाला तर परत मिळतो. प्राप्तिकर त्या ऐंशी हजारांत धरला असेल तर टीडीएस पुन्हा खर्चात घालायचा नसतो, नाहीतर एकच कर दोनदा मोजला जातो आणि रेट उगीच फुगतो. कापलेले पैसे महिनोन्‌महिने हातात नसतात हा जाच खरा, पण त्यासाठी गाठीशी दोन-तीन महिन्यांची शिल्लक लागते, रेट वाढवून तो सुटत नाही. काकांनी मान डोलावली. "बारा अधिक एक ऐंशी. तेरा लाख ऐंशी हजार. पुढे?"

पुढे खालचा आकडा, आणि खरी मारामारी तिथेच असते. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातून शनिवार-रविवारचे १०४ वजा. उरले २६१.

"शनिवारी काम करत नाहीस?"

"करतो काका. पण शनिवार धरून रेट काढला, तर मग प्रत्येक शनिवारी करावंच लागतं."

सणांचे दहा दिवस त्यांनी लगेच दिले. गणपतीचं ऑफिस होतं, नाही म्हणणार कसे? रजेचे पंधरा मागितले तर बारावर आले, मी पंधरावर अडून राहिलो. आजारपणाचे सात म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तब्येत तर बरी दिसते. चार धर."

"काका, बँकेत तुम्हाला आजारपणाची रजा भरपगारी होती. मला ताप आला, की त्या दिवसाचं बिल होत नाही. तो दिवस उरलेल्या दिवसांनी भरून काढायचा असतो."

"बरं, सात. आणि हे पावसाचे चार कशाला? तू तर घरी बसून काम करतोस. पाऊस तुझ्या लॅपटॉपवर पडतो का?"

ह्या प्रश्नावर ऑफिसात हशा पिकला. सेक्रेटरी जास्तच हसले. २६ जुलैच्या आठवणी ज्या शहरात दर पावसाळ्यात निघतात, तिथे मला पावसाचे चार दिवस मिळवण्यासाठी समजावत बसावं लागलं, की वीज जाते, इंटरनेट जातं, ठाण्याच्या प्रेसमधला माणूस पोचत नाही आणि क्लायंट स्वतःच कुर्ल्याला रुळांवरून चालत असतो. काकांनी कागदावर लिहिलं, 'पाऊस ४', आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. कर्जवसुलीची सवय.

छत्तीस दिवस गेले, उरले २२५. रोज आठ तास, म्हणजे १८०० तास. काकांनी तेरा ऐंशीला अठराशेने भागलं. "सातशे सदुसष्ट! मग तेराशे कशाला सांगतोस?"

"कारण अठराशे तास विकले जात नाहीत."

इथे काकांना खरंच काही कळेना, आणि खरं सांगायचं तर आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांनाही कळत नाही. आठवड्याच्या चाळीस तासांतले सहा तास कोटेशन लिहिण्यात आणि 'एक छोटीशी मीटिंग करू या' ह्यात जातात, आणि त्यातली निम्मी कामं येतच नाहीत. चार तास मेल आणि फोन. दोन तास बिलं करणं आणि आधीच्या बिलांच्या मागे लागणं. अडीच तास नवं काम शोधणं, दीड तास नवं काही शिकणं आणि फायलींचे बॅकअप. झाले सोळा. पाच दिवसांच्या आठवड्यातले पूर्ण दोन दिवस असे आहेत, की त्यांचं बिल कोणाच्याच नावावर फाडता येत नाही.

"म्हणजे तू आमचं काम करत नसशील, त्या वेळेचे पैसेही आम्ही द्यायचे?"

"काका, तुमचा काउंटर दोन वाजता बंद व्हायचा ना?"

"हो. शनिवारी बारालाच."

"मग दोननंतर पगार बंद व्हायचा का?"

काका दुखावले. दोननंतर कॅश टॅली करायची असते, व्हाउचर लावायची असतात, लेजर जुळवायचं असतं, दहा पैशांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसायचं असतं, हे त्यांनी दहा मिनिटं सांगितलं. १९८० च्या दशकातला कुठलासा दहा पैशांचा फरक कसा सापडला, तेही सांगितलं. मी ऐकून घेतलं. शेवटी त्यांचे तेच थांबले आणि म्हणाले, "म्हणजे हे तुझं काउंटर बंद झाल्यानंतरचं काम."

"हो."

अठराशेतले चाळीस टक्के गेले, म्हणजे ७२०. उरले १०८० तास. तेरा लाख ऐंशी हजार भागिले एक हजार ऐंशी. कॅल्क्युलेटरवर १२७७.७७ आले.

हा साठ टक्क्यांचा आकडा मात्र मनाने ठरवता येत नाही. तीन महिने वही ठेवावी लागते, पंधरा-पंधरा मिनिटांची, आणि रोजच्या रोज. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिली तर माणूस स्वतःला फार कामसू ठरवतो. मी वही ठेवण्याआधी पंचाहत्तर टक्के धरत होतो. त्याने रेट हजारेक रुपये येतो आणि वर्ष संपताना पैसे कुठे गेले ते कळत नाही, कारण ते कुठे गेलेलेच नसतात, आलेलेच नसतात. उलट खर्चाच्या यादीवर लोक उगीच डोकं फोडतात. खर्च वीस हजारांनी वाढला तर रेट साडेअठरा रुपयांनी वाढतो. पण बिल होणारा वेळ साठचा पन्नास टक्के झाला, की तास उरतात ९०० आणि रेट होतो १५३३. नव्या माणसाला तर पहिल्या वर्षी पन्नास जमले तरी खूप. आणि क्लायंटचं तिसऱ्यांदा 'लोगो जरा मोठा करा' फुकट केलं, की तेही त्या विकलेल्या १०८० मधूनच जातं. म्हणून हा रेट क्लायंटला सांगायचाच नसतो. तो आपल्या खिशात ठेवायचा, कामाचे तास मोजायचे, किती दुरुस्त्या फुकट ते लिहून द्यायचं आणि एक ठोक रक्कम सांगायची. तास सांगितला की समोरचा गुणाकार करतो. रविवारी मी नेमकं हेच विसरलो.

काका अजून पडद्याकडे बघत होते. "बाराशे अठ्ठ्याहत्तर. मग वरचे बावीस कसले?"

मला बरं वाटलं, कारण हा प्रश्न निदान त्यांच्या खात्यातला होता. "बुडीत खातं, काका. वर्षातून एक तरी बिल बुडतं. बावीस गुणिले १०८० म्हणजे २३,७६०. साधारण एका बिलाचे."

"तरतूद!" काका म्हणाले. त्यांचे डोळे चक्क चमकले. "एनपीएची तरतूद. बरोबर आहे. करायलाच हवी." मग त्यांनी चहाचा थंड झालेला घोट घेतला. "पण सोसायटी कुठे बुडवणार आहे? आमच्या बिलात तरतूद नको."

मुखपृष्ठाला सहा तास धरले होते. तेराशेने ७,८०० होत होते, बाराशे अठ्ठ्याहत्तरने ७,६६८.

काल नोटीसबोर्डावर सभेचं इतिवृत्त लागलं. विषय क्रमांक तीन: स्मरणिकेच्या मुखपृष्ठाच्या खर्चात रु. १३२ ची बचत केल्याबद्दल मा. कोषाध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव, एकमताने मंजूर. पेमेंट जाहिरातींचे पैसे जमा झाल्यावर. अनुमोदक म्हणून माझंच नाव आहे.