स्लॅबच्या वजनाबाबत खुलासा

“स्लॅब वाळला की पाणी उडून जातं आणि वजन निम्मं होतं.”

हे खरे नाही. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण १८० लिटर पाणी असते आणि त्यातले बरेचसे सिमेंटशी रासायनिक संयोग होऊन कायमचे आतच राहते. म्हणूनच सळईसह काँक्रीटचे वजन घनमीटरला २,५०० किलो धरतात. तीन मीटर बाय चार मीटर खोलीचा १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब दीड घनमीटर भरतो, म्हणजे ३,७५० किलो, आणि यात गिलावा व फरशी धरलेली नाही. क्रेनने उचलतानाही हाच हिशेब लागू पडतो: अर्ध्या घनमीटरच्या बकेटमध्ये नुसता ओला माल सुमारे १,२०० किलो असतो, त्यात रिकाम्या बकेटचे वजन मिळवावेच लागते.