'वर आहे, बघ'

ग्रुपवर पत्ता विचारला की 'वर आहे, बघ' म्हणणाऱ्यांना एकदा खरंच वर पाठवायला हवं.

मुंजीची पत्रिका कुरिअरनं पाठवायची म्हणून आज गोव्यातल्या कोरगावच्या आतेच्या नव्या घराचा पत्ता विचारला. उत्तर हे. माहेरचा ग्रुप 2018 पासूनचा, रोज पहाटेपासून सुप्रभात आणि गुलाब. त्यात 'वर' म्हणजे नेमकं कुठे हो?

व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्चमध्ये `Korgaon` घातलं, हाती काही नाही. लागणार कसं? पाट्यांवर Corgao, कोणी लिहितं Korgao, तर कोणी सरळ देवनागरीत. हे सर्च आपलं स्पेलिंग सुधारून घेत नाही. मात्र शब्दाची सुरुवातीची अक्षरं घातली तरी चालतं. म्हणून नुसतं `Kor`, मग `Cor`. `Cor` घातल्याबरोबर 2020 चा अख्खा corona वर आला, काढ्याच्या कृतींसकट! डोकंच फिरलं.

मग आठवलं, आते त्या घरात राहायला गेली तेव्हा ग्रुपवर गणपतीवरच्या माटोळीचे फोटो येत होते. म्हणजे 2023 ची चवथ, 19 सप्टेंबर. ग्रुप उघडून आतलं सर्च घेतलं की कॅलेंडरचं चिन्ह दिसतं. तारीख निवडली की थेट त्या दिवसावर. आमच्याकडे निम्म्यांना हे ठाऊकच नाही, बोटं झिजेपर्यंत सरकवत बसतात.

तिथून थोडं खाली आल्यावर वहिनीचा प्रश्न सापडला: 'तिठ्यावरून डावीकडे ना?' आणि त्याच्या वर आतेभावाचा व्हॉइस मेसेज. पत्ता त्यात! बोललेलं सर्चला ऐकू येत नाही, फोटोतल्या पत्रिकेवरचं वाचता येत नाही. कोणीतरी टाइप केलेलं तेवढंच त्याला सापडतं. अशा वेळी मूळ मेसेज शोधूच नये, त्यावर कोणी काय विचारलं असेल ते शोधावं. 'तिठ्या' एवढं घातलं असतं तरी काम झालं असतं.

बरं, मान्य, चवथीला नेवऱ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी टाइप कोण करणार.

आणि खरं सांगायचं तर मेसेज ऐकताना राग जरा उतरला. मागे घुमट वाजतंय, आरती टिपेला पोचलीय आणि हा ओरडून सांगतोय, 'विहिरीकडे ये गे, मी थांबतो.' दोनदा ऐकला.

पण कुरिअरवाल्यासाठी विहिरीकडे कोण थांबणार? घर नंबर नाही, पिनकोड नाही! शेवटी आतेलाच फोन केला. तिनं सांगितला तसा पत्ता टाइप केला, गावाचं नाव सगळ्या तऱ्हांनी लिहून ग्रुपवर टाकला. स्टार केला, पण तो फक्त माझ्या फोनवर राहणार. म्हणून धाकट्या भावाला, म्हणजे अ‍ॅडमिनला, म्हटलं की ग्रुपच्या माहितीत घाल, सगळ्यांना दिसेल. त्यानं अंगठा दाखवलाय. कुठल्या अर्थानं, ते कळेलच.