अक्षरं मोजल्याने असूड बोथट होतो का?

वाचकाची प्रतिक्रिया: “जोतीराव फुल्यांच्या ओळींवर लिहिताना तुम्ही छंद नि अलंकार मोजत बसलात. पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी लिहिलंय ते. ही लढ्याची घोषणा आहे, तिच्यात कलाकुसर शोधणं ही पोट भरलेल्यांची चैन झाली.”

उत्तर:

घोषणा म्हणूनच वाचू या. पण ओळी समोर हव्यात. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा १८८३चा ग्रंथ, आणि त्याच्या उपोद्घातात सुरुवातीलाच त्या येतात:

विद्येविना मती गेली;
मतीविना नीती गेली;
नीतीविना गती गेली;
गतीविना वित्त गेले;
वित्ताविना शूद्र खचले;
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

आता ती चैन थोडी करून पाहा. पहिल्या चारही ओळींत अक्षरं आठ-आठ. पाचवीत नऊ. चार वेळा ‘गेली, गेली, गेली, गेले’ ऐकून कान सरावतो, आणि नेमकं ‘शूद्र’ येतं तिथे क्रियापद बदलतं: खचले. मती, नीती, गती, वित्त हे सगळे गुण किंवा वस्तू. तोवर ते कुणाचे गेले हे सांगितलेलंच नाही. पाचव्या ओळीत माणूस येतो आणि त्याच ओळीत लय अडखळते. ही ओळ झाकून बाकीच्या वाचून बघा. कुठल्याही शाळेच्या भिंतीवर चालेल असं निरुपद्रवी सुभाषित उरतं. लढा त्या नवव्या अक्षराच्या आसपास आहे, आणि तो मला मोजल्यामुळे सापडला.

रचनेला अलंकारशास्त्रात कारणमाला म्हणतात: आधीचं पुढच्याचं कारण. ‘विद्या ददाति विनयं’ हा श्लोक तसाच बांधलेला आहे. विद्येतून विनय, विनयातून पात्रता, पात्रतेतून धन, धनातून धर्म आणि मग सुख. जोतीरावांनी तो डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलं असा माझा दावा नाही. पण शेजारी ठेवून वाचलं की दिसतं, तिकडची माळ चढत जाते, इकडची उतरत जाते. आणि उतरणीवर विनय नाही, पात्रता नाही, धर्मही नाही. ज्याला विद्याच दिली नाही त्याच्या पात्रतेची चौकशी कशाला, असा माझा त्यावरचा तर्क.

आता तुमच्या बाजूचं, कारण संदर्भ सोडला तर या ओळी खरंच उलट्या फिरतात. ‘गेली’ हे क्रियापद कुणावर ठपका ठेवत नाही. शेवटच्या ओळीत कर्ता येतो, पण तो ‘अविद्या’. ओळी सुट्या वाचणारा सहज म्हणेल, शिकले नाहीत म्हणून बुडाले, दोष त्यांचाच. हा अर्थ अडवायचं काम पद्य करत नाही, त्यामागून येणारं गद्य करतं. पहिलं प्रकरण जन्मापासून मरेपर्यंतच्या विधींच्या निमित्ताने शेतकऱ्याकडून पैसा कसा काढला जातो ते दाखवतं. पुढे शेतसारा, लोकलफंडाची पट्टी, सरकारी खात्यांतले अंमलदार, सगळ्यांची झाडाझडती आहे. अविद्या कुणी राखली हे तिथे नावानिशी कळतं.

आणि त्या गद्यामुळेच पद्यातली कच्ची कडीही उघडी पडते. ‘नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले’ हे कानाला इतकं पटतं की आपण थांबून विचारत नाही. पण ग्रंथभर ज्यांची भरभराट दिसते ते नीतीमुळे वर आलेले नाहीत, आणि शेतकऱ्याचं वित्त त्याची नीती ढळल्यामुळे गेलेलं नाही. ते भटजींच्या दक्षिणेत आणि सरकारच्या करात गेलं. मती-नीती-गती या यमकाने इथे युक्तिवादाला ओढत नेलंय, असं माझं मत. जोतीरावांबद्दलचा आदर यामुळे कमी होत नाही. घोषणेला टाळी मिळते तिथेच ती तपासावी लागते, आणि त्यासाठी रचना कळावी लागते.

तरीही ‘एका अविद्येने’ ही अतिशयोक्ती मला सोडवत नाही. स्वतःच्याच ग्रंथात इतकी कारणं मांडणारा माणूस पद्यात एकावर का येतो? आदल्याच वर्षी, १८८२मध्ये, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटलं होतं की सरकारी महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो, तरी खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो. आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली होती. सावकार, भटजी, कारकून यांना एका हुकमाने हटवता येत नव्हतं. शाळा मात्र सरकारकडे मागता येत होती. सहाव्या ओळीतला तो एकच कर्ता त्या मागणीच्या मापाचा आहे.