मटका, मोबाईल आणि आमचे अडीच वर्षांचे चिरंजीव

परवा गल्लीतल्या एका मित्राने विचारलं, "तुमच्यात पोराला धाक कुणाचा?" मी म्हटलं, "कुणाचाच नाही, पण आता भांडण होत नाही." तो हसला. त्याला थोडक्यात सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमचा चिनू अडीच वर्षांचा. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये आहे, संध्याकाळी सातला घरी पोचतो. बायको सकाळची नोकरी करून दुपारपासून त्याच्यासोबत असते. बाकीचा वेळ माझी आई बघते. शेजारच्या अज्जी कन्नड, त्यामुळे चिनू 'नको'च्या आधी 'ब्याड' म्हणायला शिकला. आणि दिवसभर ब्याडच.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचो, एक चापट दिली की विषय संपतो, आम्हीही असेच वाढलो. ती म्हणायची, समजावून सांगायचं. मी चापट दिली की ती त्याला उचलून छातीशी धरायची. ती समजावत बसली की मी मधेच ओरडायचो, "किती वेळ चाललंय हे?" हे सगळं त्याच्यासमोर. तो रडता रडता दोघांकडे आलटून पालटून बघायचा. आता वाटतं, कुणाकडे गेलं तर काम होईल याचा तो अंदाज घेत होता.

खरं तर चूक दोघांचीही होती. पोराला चापट बसते तेव्हा त्याला कळतं ते एवढंच, की राग आला की हात उचलायचा. मी मारल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने अज्जींच्या नातीला तश्शीच मारली, वर माझ्याच आवाजात "परत करशील?" असंही म्हणाला. मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. आणि बायकोचं समजावणं म्हणजे पाच मिनिटांचं भाषण. अडीच वर्षांचं, रडून लाल झालेलं पोर त्यातले तीन शब्द ऐकतं, बाकी नुसता आवाज.

पण खरा घोळ मारणं की समजावणं यात नव्हताच. तो होता मोबाईलमध्ये. जेवताना गाणी लागत. बायको म्हणायची, "मोबाईल नाही." चिनू रडायचा. पाच मिनिटं, आठ मिनिटं. मग कधी मी कामावरून दमून आलेला असायचो, कधी आई म्हणायची, "पोराला रडवूलालात कशाला? दे की." आणि मोबाईल मिळायचा. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा.

आपल्या भागात मटका कुणाला सांगायला नको. आकडा रोज लागला असता तर एक दिवस न लागल्यावर माणसाने तोंड फिरवलं असतं. कधीतरी लागतो म्हणूनच माणूस वर्षानुवर्षं लावत राहतो. आम्ही दोघांनी मिळून पोराला मटका लावायला शिकवलं होतं. आठ मिनिटांनी मोबाईल मिळतो हे त्याला कळलं, की आठ मिनिटं रडणं हा त्याच्या दृष्टीने सरळ हिशोब. कडक बाप आणि मऊ आई असती तरी एक वेळ चाललं असतं, पण 'नाही'चा 'हो' होतो हे कळल्यावर पोर कुणाचंच ऐकत नाही.

एका रात्री तो झोपल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. बायको वही घेऊन आली, मी म्हटलं, "अगं, शाळा आहे का?" आम्ही दोघांच्या सगळ्या तक्रारी लिहिल्या. एकोणीस निघाल्या! एकोणीस नियम आम्हालाच पाळता आले नसते. म्हणून तीनच ठेवले. मारायचं नाही. जेवताना मोबाईल नाही. रस्त्यावर हात सोडायचा नाही. आमच्या गल्लीत बुलेटवाले कसे येतात ते तुम्हाला माहीत आहेच.

प्रत्येक नियमापुढे शब्दही ठरवले, कारण मी एक म्हणायचो, ती दुसरं, आई तिसरं. मारलं की त्याचा हात धरायचा, "मारायचं नाही" एवढंच म्हणायचं आणि त्याला त्या जागेवरून बाजूला न्यायचं. ओरडायचं नाही. अज्जींनाही सांगितलं. त्या "होडीब्याड" म्हणतात आणि हात धरतात. भाषा वेगळी असली तरी हात तसाच धरायचा, तेवढं त्याला पुरतं. जो आधी बोलला त्याचा शब्द चालणार, दुसऱ्याला पटलं नाही तर रात्री गच्चीवर. आणि ज्याचा तोल जातोय त्याने "गॅस बघतेस का" किंवा "गॅस बघता का" म्हणायचं, म्हणजे समोरच्याने ताबा घ्यायचा. पहिल्या आठवड्यात आमचा गॅस फार बघितला गेला.

आता मोबाईलचं. पहिल्या रात्री पंचवीस मिनिटं रडला. दुसऱ्या रात्री चाळीस. मी बायकोला म्हटलं, बघ, उलटंच होतंय. ती म्हणाली, बालरोगतज्ज्ञांनी सांगितलंच होतं, सवय मोडताना आधी जोर वाढतो, तिथेच लोक हार मानतात. तिसऱ्या रात्री पंधरा मिनिटं. पाचव्या रात्री एकदाच मागितला. नवव्या दिवशी खानापूरहून पाहुणे आले, त्यातल्या एका काकांनी प्रेमाने मोबाईल हातात दिला. दुसऱ्या दिवशी परत वीस मिनिटं. मात्र या वेळी दोनच दिवसांत उतरलं.

आईची काळजी वेगळी होती. मोबाईल नाही म्हणजे घास जात नाहीत. खरंच, पहिल्या आठवड्यात तो आमटीभाताचे चार घास खाऊन उठायचा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, मधे बिस्किट नाही, पुढचं खाणं ठरल्या वेळी, असं ठरलं. वजन करून घेतलं, ठीक निघालं. या वयात भूक एका दिवशी चार घासांची, तर दुसऱ्या दिवशी दोन पोळ्यांची असते. मोबाईलपुढे तो जास्त खात नव्हता, आपण काय खातोय हे न बघता गिळत होता.

हे सगळीकडे चालत नाही, हेही सांगतो. दुपारची झोप बुडाली की संध्याकाळी सहाला आमच्या तिन्ही नियमांचा उपयोग शून्य. तेव्हा त्याला झोप हवी असते, शिस्त नको. गणपत गल्लीत गर्दीत उपाशीपोटी नेलं तर तो रस्त्यावर लोळण घेणारच, ती चूक नेणाऱ्याची. ताप असला, दाढ येत असली तरी तेच. हो, आणि पोर दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल तर हट्ट समजून बसू नका, आधी कान तपासून घ्या. ऐकू न येणाऱ्या पोराला न ऐकणारं पोर म्हणणारे मी पाहिलेत.

रडणं बंद झालं का? नाही. पण पूर्वी तो रडता रडता आमच्या तोंडाकडे बघायचा, आता जमिनीकडे बघून रडतो आणि लवकर संपवतो. बायको म्हणते हाच फरक.

बाकीच्या सोळा गोष्टी ज्याच्या त्याच्या पद्धतीने. मला वाटतं अंघोळीच्या बादलीत खेळणी नकोत, तिला वाटतं असू देत. काल ती त्याला अंघोळ घालत होती, अर्धं पाणी बाहेर. मी तोंड उघडलं, तर ती आतूनच म्हणाली, "अहो, ते तीन नियमांत नाही."

मी फडकं आणायला गेलो.