साहेबांनी सक्त ताकीद दिली

बदलीच्या आदेशानुसार बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत मी परवा हजर झालो आणि काल कर्मचाऱ्यांची पहिली सभा घेतली. सभा कामकाजाच्या भाषेत, म्हणजे कन्नडमध्ये झाली. तिथे मी जे बोललो आणि आमच्या शिरस्तेदारांनी त्याचे जे केले, ते मी घरच्या भाषेत मांडतो आहे, कारण राग घरच्याच भाषेत नीट येतो.

मुळात परिचय पाच मिनिटांत आटोपायचा, आधीच्या साहेबांविषयी चकार शब्द काढायचा नाही आणि टेबलांची अदलाबदल महिनाभर तरी करायची नाही, एवढे मी मनाशी ठरवले होते. धाक न दाखवता शिस्त कळावी, अशी माझी इच्छा होती. माझे आतापर्यंत कुठे कुठे काम झाले, हे दोन वाक्यांत सांगून मी म्हणालो, "कोणाला काही अडचण असेल तर ती मला आधी सांगा."

एवढे वाक्य संपते न संपते तोच शिरस्तेदार खुर्चीतून उठले. निवृत्तीला आलेले, कपाळावर गंध, हातात गुंडाळलेली वही. मागच्या रांगेकडे वळून ते गरजले, "ऐकलंत ना? साहेबांना विचारल्याशिवाय कोणीही रजा टाकायची नाही!"

मी रजेचे नावही काढले नव्हते. तरी सांभाळून घेत मी म्हणालो, "तसे नाही. माझे दार सगळ्यांसाठी उघडे आहे." त्यावर शिरस्तेदार पुन्हा उभे. "साहेबांचं दार उघडंच असणार. कोण किती वाजता येतंय, सगळं आतून दिसतंय, लक्षात ठेवा!" प्रथम दर्जा सहायकांनी माना खाली घातल्या. नुकत्याच लागलेल्या एका द्वितीय दर्जा सहायक मुलीने तर हे वाक्य वहीत उतरवून घेतले. "आपण सारे एका कुटुंबासारखे आहोत," हे माझे पुढचे वाक्य होते, पण कुटुंबप्रमुख कोण आणि तो काय करतो, याचे निरूपण ऐकण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते, म्हणून ते मी गिळून टाकले.

हा मनुष्य खवचट असता तर सोपे गेले असते. तो अत्यंत निष्ठावंत आहे, आणि त्याच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात साहेबाच्या प्रत्येक गोड वाक्यामागून मेमोच आलेला आहे. मोघम आपुलकी कचेरीत कोणीही तशीच्या तशी घेत नाही, जो तो तिच्यात आपापली भीती भरतो. हे ध्यानात येताच मी मोघम बोलणे सोडले.

आमच्याकडे कामावर येताना खिशात किती रोकड आहे, याची नोंद वहीत करावी लागते. मी ती वही मागवली, पाकीट सर्वांसमोर मोजले, ३४० रुपये लिहिले आणि खाली सही केली. शिरस्तेदारांनी तोंड उघडले आणि मिटले, कारण त्यात भाष्य करण्याजोगे काही नव्हते.

मग सकालाकडे वळलो. २०११च्या या कायद्याने दाखल्यांना मुदत घालून दिली आहे आणि ती उलटली तर अर्जदाराला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मिळते, जी चुकलेल्याच्या पगारातून वसूल होऊ शकते. इथे "विलंब खपवून घेणार नाही" म्हणायचा मोह प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला होतो. त्याऐवजी मी म्हणालो, "दर सोमवारी अकरा वाजता, मुदत संपायला तीन दिवस उरलेल्या अर्जांची यादी आपण एकत्र पाहू. अर्ज माझ्या सहीसाठी अडला असेल तर तेही तिथेच सांगा."

"म्हणजे यादीत ज्याचं नाव येईल त्याला..." शिरस्तेदारांनी सुरुवात केली.

"यादीत अर्जांचे क्रमांक असतील, माणसांची नावे नसतील. कोणाला काही बोलायचे झाले तर ते मी खोलीत, एकट्याला बोलेन."

ते खाली बसले. मागच्या रांगेतून एका ग्राम आडळिताधिकाऱ्याने, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याने, विचारले, "साहेब, सर्व्हर बंद पडला तर?" सभेतला हा पहिला खरा प्रश्न होता, आणि पुढची वीस मिनिटे आम्ही केवळ सर्व्हरवर बोललो. तेवढ्यापुरती सभा जमली, असे मला अजूनही वाटते.

आज सकाळी मात्र सभेची नडावळी, म्हणजे इतिवृत्त, सहीसाठी टेबलावर आली. कलम एक: विनापरवानगी रजा घेणाऱ्यांस साहेबांनी सक्त ताकीद दिली. कलम दोन: उशिरा येणाऱ्यांवर साहेबांची नजर राहील. सोमवारची यादी नवव्या कलमात, तीही "इत्यादी विषयांवर चर्चा झाली" या वाक्यात गडप. मी लाल पेन उचलताच शिरस्तेदार कळवळून म्हणाले, "साहेब, तेवढं असू दे की. जिल्हा कचेरीत वाचतात. मऊ वाटलं तर तुमचंच नाव खराब होतंय."

मी दोन्ही कलमे खोडली आणि नववे कलम पहिले केले. तेव्हा कळले, की मूळ मसुदा त्यांनी रात्रीच व्हॉट्सॲपवर सर्वांना पाठवून दिला आहे. दुपारपर्यंत रजेचे चार अर्ज माझ्याकडे आले, आणि त्यांतला एक तर गेल्या आठवड्यात घेऊन झालेल्या रजेचा होता.