काका म्हणालेत ना, किल्ल्या दोनच आहेत!

नव्या फ्लॅटचा करार झाला? छान. आता एकच पथ्य पाळा: घरमालक काकांकडे कुलपाचा विषय काढू नका. चांगल्या घरातली माणसं असलं काही विचारत नाहीत.

तुमची चौकशी होणं वेगळं. आधार, पॅन, ऑफिसचं पत्र, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म, बायोमेट्रिकवर अंगठा, हे सगळं तुम्ही 11 महिन्यांसाठी दिलंत आणि ते योग्यच होतं. भाडेकरू कोण आहे हे कळायला नको का? पण किल्ल्यांची चौकशी करायची म्हणजे काकांवर अविश्वास! ते दोन किल्ल्या हातात ठेवून म्हणाले, "दोनच आहेत." एवढं पुरे.

त्या किल्ल्या उजेडात धरून बघायचा मोह मात्र आवरा. कुलपासोबत आलेल्या किल्लीवर सहसा कंपनीचं नाव असतं. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने घासून दिलेली बहुतेक वेळा कोरी असते किंवा तिच्यावर भलतंच नाव असतं. तुमच्या दोन्ही किल्ल्या तशा निघाल्या, तर ओरिजिनल कुठेतरी सुखरूप आहेत असं समजा. आणि कुठे असणार? नव्या कुलपाच्या पाकिटात बहुधा तीन-चार किल्ल्या येतात. एक मागच्या भाडेकरूच्या रूममेटकडे, तो आता बंगळुरात असतो. एक ब्रोकरच्या ड्रॉवरमध्ये, "फ्लॅट दाखवायला लागते" म्हणून. एक रंगाऱ्याने नेली होती, ती त्याने वॉचमनकडे दिली असावी. शिवाय स्वयंपाकाच्या मावशी आहेतच. सगळी ओळखीचीच माणसं. फक्त तुमच्या ओळखीची नाहीत.

तरीही जीव राहत नसेल, तर निदान कुलूप बदलणं ही भयंकर उलाढाल आहे असं समजून चाला. सुतार बोलवावा लागेल, दार फोडावं लागेल, काकांचं सागवान खराब होईल. खरी गोष्ट कुणाला सांगू नका. सध्याच्या बऱ्याच दारांना हँडलचं मॉर्टिस लॉक असतं आणि त्यात बदलायचा असतो तो फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे जाते तो पितळी तुकडा. दार उघडायचं. दाराच्या जाडीच्या बाजूला, सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो, तो काढायचा. किल्ली घालून थोडीशी फिरवायची, म्हणजे सिलिंडरची बाहेर आलेली जीभ आत बसते आणि सिलिंडर सरळ ओढता येतो. जुन्याची लांबी मोजून त्याच मापाचा नवा आणायचा आणि तोच स्क्रू लावायचा. माप बरोबर असेल तर पंधरा मिनिटांचं काम, दाराला ओरखडाही नाही. नाईट लॅच असेल तर किल्लीवाला अख्खं लॅच बदलून देतो. जाळीच्या दाराचं कुलूपही लक्षात ठेवा, कारण त्याच्या किल्ल्या तर कुणीच मोजलेल्या नसतात.

काकांना न विचारता हे केलंत तर मात्र भांडण अटळ. म्हणून व्हॉट्सॲपवर लेखी विचारावं: "सिलिंडर माझ्या खर्चाने बदलतो, जुना जपून ठेवतो, सोडताना परत बसवून देतो." इतकं सरळ वाक्य वाचलं की कुठलाही घरमालक हो म्हणेल. म्हणूनच ते पाठवू नये. काहीतरी गैरसमज राहिलाच पाहिजे.

कधीकधी काका स्वतःच म्हणतात, "मी बदलून देतो." अशा वेळी भारावून जा. पाकीट सीलबंद होतं का, ते विचारू नका. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी खरंच सिलिंडर बदलला होता. वरच्या मजल्यावरच्या स्वतःच्याच दुसऱ्या फ्लॅटमधला काढून खाली बसवला आणि खालचा वर. दोन्ही भाडेकरू खूश. दोघांकडे नव्या किल्ल्या आल्या, जुन्या दोन्हीकडच्या माजी भाडेकरूंकडेच राहिल्या.

नवं पाकीट काका आणि तुम्ही, दोघांसमोर फोडायचं, किल्ल्या मोजायच्या, काकांची एक किल्ली लिफाफ्यात बंद करून वर दोघांच्या सह्या करायच्या आणि किती किल्ल्या कुणाकडे, ते करारात एका ओळीत लिहायचं. हे सगळं ऐकायला कसं वाटतं? बँकेचा लॉकर उघडल्यासारखं. इतका कारभार आपल्या पुण्यात कोण करतो?

11 महिने संपतात. तुम्ही फ्लॅट सोडता. दारात ब्रोकर उभा, नवीन मुलगा बॅग घेऊन मागे उभा. तुम्ही दोन किल्ल्या काढून देता. "दोनच आहेत ना?" ब्रोकर विचारतो. तिसरी मावशींकडे आहे आणि चौथी गावाकडे आईच्या कपाटात, हे तुम्हाला रिक्षात बसल्यावर आठवतं.