दिलगिरीपत्र कसे लिहावे: संयोजकांसाठी

दिवाळी पहाट पार पडली. आत सातशे रसिकांनी वाहवा केली, बाहेर शंभर जणांनी फाटकाला हात लावून घरची वाट धरली. आता पत्र लिहायला बसा, पण त्याआधी हिशेब नीट समजून घ्या, म्हणजे पत्रात नेमकं काय येऊ द्यायचं नाही ते कळेल.

समजा, सांगलीतल्या नाट्यगृहात 700 खुर्च्या आहेत. पुढच्या 50 निमंत्रितांच्या, त्यांना हात लावायची सोय नाही. ऑनलाइन 300 गेल्या, गावभागातल्या दुकानात पावतीपुस्तकावर 250 गेल्या. उरल्या बरोबर 100, म्हणून प्रायोजकाला 100 सन्मानिका दिल्या. गणित चोख. फक्त प्रत्येक सन्मानिकेवर 'दोन व्यक्तींसाठी' असं छापलेलं होतं आणि आपण कागद मोजले, डोकी नाही. फुकट पासवाले निम्मे येतच नाहीत, हा आपला पिढीजात भरवसा. पण दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून माणूस दुसरं कुठं जाणार? ते सगळे आले. बरं, खुर्च्यांना नंबर नव्हते आणि पासवाले साडेचारलाच येऊन बसले. त्यामुळे बाहेर राहिले ते तीनशे रुपये मोजून तिकीट घेतलेले.

यातलं काही पत्रात नको. सुरुवात 'अभूतपूर्व प्रतिसादामुळे' अशी करा. या शब्दाची खुबी अशी की, चूक रसिकांकडे जाते: आलात कशाला इतके? पुढच्या ओळीत 1843 आणि विष्णुदास भावे आलेच पाहिजेत. सांगली नाट्यपंढरी आहे आणि पंढरीत गर्दी ही व्हायचीच, एवढं वाचकाच्या मनात उतरलं की निम्मं काम झालं. मग 'काही रसिकांची गैरसोय झाली असल्यास'. हा 'असल्यास' विसरू नका. तासगावहून पहाटे चारला रिक्षा ठरवून सासूबाईंना घेऊन आलेल्या बाईंची गैरसोय झाली की नाही, हे आपण कोण ठरवणार?

आता भरपाई. ती जाहीर मोठ्या अक्षरात करायची, पण कुणाच्या हाती लागू द्यायची नाही. पैसे परत देऊ नका, पुढच्या वर्षीच्या तिकिटावर 20 टक्के सवलतीचं कूपन द्या. म्हणजे 300 रुपये गमावलेल्या माणसाला 60 रुपये मिळतात आणि तेही त्यानं आणखी 240 भरल्यावर. सोबत भडंगाचं पाकीट ठेवा, तोंडाला पानं पुसण्यापेक्षा ते बरं दिसतं. आणि अट घाला: कूपनासाठी मूळ तिकीट अखंड स्थितीत आणावे, कार्यालयीन वेळ दुपारी 4 ते 5. फाटकावरच्या पोरानं गर्दी आवरायच्या घाईत सगळ्यांच्या तिकिटांचे अर्धे तुकडे आधीच फाडून पिशवीत टाकले होते. त्यामुळे अखंड तिकीट कुणाकडेच नाही. हा योगायोग हातचा घालवू नका.

तुमच्याकडे एखादा नवखा कार्यकर्ता असेल, त्यानं भलताच मसुदा आणला असेल: 'आम्ही शंभर जागा जास्त वाटल्या, चूक आमची. तिकिटाचे पूर्ण पैसे आणि ऑनलाइनवाल्यांचं सुविधा शुल्कही आठ दिवसांत देतो. ज्यांनी ऑनलाइन भरले त्यांच्या त्याच खात्यात जातील. दुकानातून घेतलेल्यांचे मोबाइल नंबर पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीवर आहेत, आम्हीच फोन करू. तुम्ही काही आणायचं नाही, कुठं यायचं नाही.' असल्या पोराला पुढच्या बैठकीला बोलवू नये. चार ओळींत त्यानं मंडळाचे तीस हजार रुपये घालवले. म्हणे पुढच्या वेळी खुर्च्यांना नंबर द्या आणि प्रायोजकाचा कोटा माणशी मोजा. मग प्रायोजक मिळेल का?

कुणी ग्राहक आयोगाचं नाव काढलं तर मात्र जरा जपून. पैसे घेऊन जागा न देणं ही 2019 च्या कायद्यात सेवेतली त्रुटी ठरू शकते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावरच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. म्हणून पुढच्या वर्षी 'तिकीट' न म्हणता 'देणगी प्रवेशिका' छापा. आयोग नावाला भुलेलच असं नाही, पण तीनशे रुपयांसाठी तारखा कोण करतो, यावर तर आपली सगळी भिस्त आहे. फुकट पासवाल्याची तर काळजीच नाही, त्यानं मोबदलाच दिलेला नसतो. पण या वेळी तो आत बसला होता, हे आपलं दुर्दैव.

पत्रावर सही अध्यक्षांची नको, 'संयोजन समिती' पुरे. आणि कूपनाच्या तळाशी बारीक अक्षरात छापून घ्या: प्रवेश जागेच्या उपलब्धतेनुसार.